पासिंगच्या आदल्या दिवशीचा रंग

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात दोन टेम्पो चालवले आणि एक संसार केला. सासूबाईंच्या मते संसार फावल्या वेळात केला. पहिला टेम्पो वीस वर्षं चालला, आणि तो भंगारात गेला त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. दुसरा टेम्पो म्हणजे हा आत्ताचा. त्याला आता नऊ वर्षं झाली आहेत आणि अंगणात त्याची जागा ठरलेली आहे. त्या जागेवर कुणी सायकल जरी लावली तरी अण्णा खिडकीतून खाकरतात.

गेल्या वर्षी अण्णांच्या एका डोळ्यातला मोतीबिंदू काढला. दुसऱ्यातला काढायचा आहे, पण त्याची तारीख ते पुढे ढकलत राहतात. लायसन्सच्या मेडिकलला डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली आणि त्या दिवसापासून टेम्पो मी चालवते. नवरा कारखान्यात पाळीवर असतो, आणि क्लच दाबायचं म्हटलं की त्याला घाम फुटतो. मला फुटत नाही. मी रीतसर शिकले, रीतसर लायसन्स काढलं, आणि हॉस्पिटलच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे यांची गाठोडी लाँड्रीत नेण्या-आणण्याचं अण्णांचं काम पुढे चालू ठेवलं.

हे अण्णांना मान्य नव्हतं असं नाही. त्यांनी विरोध केला नाही, शिव्या दिल्या नाहीत, रुसले तर मुळीच नाहीत. फक्त एक केलं. माझ्या शेजारी, डाव्या सीटवर, ते आजतागायत बसले नाहीत. डावीकडे बसतो तो क्लीनर, असं त्यांचं म्हणणं. डोळे तपासायला जायचं असो की लग्नाला, अण्णा बसने जाणार, रिक्षाने जाणार, मित्राच्या स्कूटरवर मागे बसून जाणार. टेम्पो त्याच रस्त्याने रिकामा जात असला तरी. आणि बोलण्यात टेम्पो कायम ‘माझा’. मी ‘आपला टेम्पो’ म्हटलं की मला मध्येच थांबवून दुरुस्ती होत असे.

तर त्या महिन्यात लाँड्रीवाल्या मॅडमनी मला बोलावून घेतलं. त्या फार बोलत नाहीत, आणि जे बोलतात ते उभ्याउभ्याच. त्या म्हणाल्या की हॉस्पिटलने गेटवर तपासणी सुरू केली आहे, कागद चालू नसलेली एकही गाडी आत सोडत नाहीत. एकवीस तारखेला पुढच्या वर्षाचा करार करायचा आहे. त्या दिवशी फिटनेस आणि पीयूसी, दोन्हीच्या चालू तारखेच्या प्रती टेबलावर हव्यात. नसतील तर दुसऱ्या एकाच्या दोन नव्या व्हॅन तयार आहेत, आणि तो रोज फोन करतो.

मी घरी येऊन टेम्पोच्या डॅशबोर्डच्या कप्प्यातली प्लॅस्टिकची पिशवी काढली. फिटनेस वीस तारखेपर्यंत. हे मला माहीतच होतं. आठ वर्षं होईपर्यंत फिटनेस दोन-दोन वर्षांचा मिळतो, त्यानंतर दर वर्षी पासिंगला गाडी उभी करावी लागते. त्यासाठी अर्ज कधीच केला होता, पण गर्दीमुळे तपासणीची तारीख मिळाली ती नेमकी वीस. म्हणजे शेवटचा दिवस. त्या दिवशी गाडी नापास झाली तर दुरुस्ती करून पुन्हा तारीख घ्यायची, ती मिळायला आठवडा तरी जाणार, आणि तोवर टेम्पो रस्त्यावर काढायचा नाही. काढला आणि पकडला तर दंड, आणि काही झालं तर विमावालाही हात वर करणार. माझं काम, माझी कमाई, माझं सकाळी सहाला घरातून बाहेर पडणं, सगळं त्या एका दिवसावर येऊन टेकलं होतं.

मग पीयूसी बघितली आणि कपाळाला हात लावला. अठरा तारखेपर्यंत.

अण्णांना विचारलं तर ते शांत. पीयूसी आहे की अजून, असं म्हणाले. त्यांच्या काळात ते पासिंगच्या दिवशीच पीयूसी काढत, म्हणून त्यांच्या डोक्यात दोन्ही तारखा जुळ्या भावंडांसारख्या होत्या. पण आमच्या मॉडेलला पीयूसी सहाच महिन्यांची मिळते आणि फिटनेस वर्षाचा, तेव्हा मधे कधीतरी पीयूसी पुढेमागे झाली की दोन्हींची जोडी फुटते. आमची फुटली होती. वीस तारखेला पासिंगच्या मैदानावर इन्स्पेक्टर सगळ्यात आधी कागद मागतो, आणि त्यात पीयूसीची तारीख उलटलेली दिसली तर गाडीकडे वळूनही बघत नाही. अण्णा म्हणाले की पूर्वी असं नव्हतं. मी म्हटलं पूर्वी पुष्कळ काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलची फेरी आटोपून मी पेट्रोलपंपावर गेले. तिथे कोपऱ्यात पीयूसीवाल्याची जुनी व्हॅन उभी असते. दिवसभर लोकांच्या गाड्यांचा धूर खाऊन हा माणूस सुकलेला आहे, पण कामाला चोख. इंजिन गरम आहे ना, असं त्याने विचारलं, कारण डिझेलची गाडी थंड इंजिनावर तपासत नाहीत. मग सायलेन्सरच्या नळीत त्याने मशीनची सळई घातली, नंबरप्लेटचा फोटो काढला आणि मला सांगितलं की गिअर काढून ॲक्सिलरेटर झटक्यात पूर्ण दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. तो बोट वर करेल तेव्हा दाबायचा.

मी दाबला. मागून इतका काळा धूर निघाला की पंपावरचा हवा भरणारा पळत आत गेला. दुसऱ्यांदा दाबला, तसाच. तिसऱ्यांदा पीयूसीवाल्याने बोट वर केलं खरं, पण दुसऱ्या हाताने नाक धरून. मशीनने सगळ्या झटक्यांची सरासरी काढली आणि ती मर्यादेच्या बरीच वर होती. मी त्याला म्हटलं की मागच्या खेपेला निम्मीसुद्धा आली नव्हती. तो म्हणाला ताई, आकडा मशीनमधून थेट वर सरकारकडे जातो, माझ्या हातात फक्त सळई आहे.

पंपाच्या मागेच मिस्त्रीचं गॅरेज आहे. त्याने धूर लांबूनच बघितला होता, म्हणून काही विचारलं नाही. काळा धूर म्हणजे इंजिनाला हवा पुरत नाही, डिझेल नीट जळत नाही, एवढं बोलून त्याने एअर फिल्टरकडे जाणारी नळी सोडवली, आत दोन बोटं घातली आणि ओढायला सुरुवात केली. ओढतच राहिला. आतून सासूबाईंचा जुना टॉवेल निघाला. गुलाबी, कडेला फुलं असलेला, चुरगळलेला आणि काळा.

अण्णांनी रविवारी टेम्पो पाइप लावून धुतला होता. पाणी फिल्टरमध्ये जाऊ नये म्हणून त्यांनी हवेच्या तोंडाशी टॉवेल कोंबला होता. काळजीनेच कोंबला होता. आणि मग चहाला बोलावलं म्हणून गेले आणि विसरले. चार दिवस माझा टेम्पो चढावर दम का टाकतो हे मला कळत नव्हतं, आणि मी डिझेलला बोल लावत होते.

मिस्त्रीने फिल्टर बदलला, मी मुख्य रस्त्यावर एक लांब फेरी मारून इंजिनातली काजळी मोकळी केली आणि पुन्हा सळईपुढे उभी राहिले. या वेळी धूर असा निघाला की दिसेचना. पीयूसीवाल्याने नवा कागद छापून दिला, आणि मी तिथेच उभं राहून तारीख, गाडीचा नंबर, इंधन असं सगळं वाचून काढलं. पुढचे सहा महिने तरी धुराचं भांडण नव्हतं.

भांडण घरी होतं. मी टॉवेल घेऊनच गेले. सासूबाईंनी तो ओळखला आणि डोळे मिटून घेतले. अण्णा म्हणाले की पाणी गेलं असतं तर इंजिन बसलं असतं. मी म्हटलं हवा गेली नाही म्हणून मी बसले असते घरी. मग माझा तोल गेला, आणि एरवी जे मनात ठेवते ते बोलून टाकलं.

“अण्णा, वीस तारखेपर्यंत टेम्पोला हात लावायचा नाही. अजिबात नाही.”

अण्णांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. संध्याकाळचे सात वाजले होते. सासूबाई मला म्हणाल्या की बरोबर बोललीस, पण त्यांचे हातच बांधून ठेवायला हवे होतेस, नुसतं सांगून ते ऐकत नाहीत. अठ्ठावीस वर्षं टेम्पो चालवलेल्या माणसाला टेम्पोला शिवू नको म्हणणं मलाही आवडलं नव्हतं. पण करार माझा जाणार होता, त्यांचा नाही.

एकोणीस तारखेला मी बसने लाँड्रीत गेले, कारण टेम्पो मिस्त्रीकडून ब्रेक आणि लायटी बघून दुपारी घरी येणार होता. संध्याकाळी परतले तर गल्लीच्या तोंडापासूनच रंगाचा वास. टेम्पो अंगणात उभा, आणि त्याच्या खालून दोन पाय बाहेर आलेले. मोज्यांवरून ओळखले.

“मी तुम्हाला हात लावू नका म्हटलं होतं,” मी त्या मोज्यांना म्हटलं.

“हात नाही लावला,” मोजे म्हणाले. “ब्रश लावला.”

खाली वाकून बघितलं तर राग गिळावा लागला. चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्या, मधले आडवे तुकडे, स्प्रिंगा, सगळं काळंभोर चकचकीत झालं होतं. एक थेंब टायरवर नव्हता. बाजूला पांढऱ्या अक्षरात लिहिलेले वजनाचे आकडेही पुन्हा गिरवले होते. पासिंगला जाणारी गाडी खालून रंगवून न्यायची ही अण्णांच्या पिढीची रीत. इन्स्पेक्टर वाकला की त्याला गंज दिसता कामा नये, गाडी सांभाळली आहे हे दिसलं पाहिजे. एका डोळ्याने, पाठीवर आडवं पडून, त्यांनी दुपारभर हे केलं होतं. मला खरंच भरून आलं. पण मी ते दाखवलं नाही, कारण दाखवलं असतं तर रात्रीत त्यांनी इंजिनही रंगवलं असतं.

एकच गोष्ट विचारली. चेसिस नंबरावर रंग नाही ना गेला? कारण चेसिसच्या लोखंडात ठोकलेला तो नंबर म्हणजे गाडीची खरी ओळख. नंबरप्लेट कुणीही बदलू शकतो, तो बदलता येत नाही. पासिंगला इन्स्पेक्टर तो कागदाशी ताडून बघतो आणि त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून त्याचा ठसा घेतो. अण्णा या प्रश्नावर खरोखर दुखावले. म्हणाले, नंबरावर आधी ग्रीस लावायचं, वर कागद चिकटवायचा, मग रंग मारायचा, आणि पासिंगला गेल्यावर कागद सोलायचा, की खाली नंबर कोरा करकरीत. हे त्यांनीच गल्लीतल्या सगळ्यांना शिकवलं होतं.

“ग्रीस लावलंय, सूनबाई. एवढं तरी मला येतं.”

टॉवेलचा विषय दुसऱ्यांदा काढायचा नाही, हे मी ठरवलं होतं.

वीस तारखेला मी दहाला मैदानावर पोचले. अण्णा माझ्या आधी हजर. मित्राच्या स्कूटरवरून आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून. मैदान म्हणजे मोठं मोकळं पटांगण, कडेला चुन्याच्या रेषा, एका टोकाला पत्र्याच्या छपराखाली खिडक्या, आणि रांगेत ट्रक, टेम्पो, शाळेच्या बसेस. गेटजवळ एक पेंटर डबे घेऊन बसलेला, कुणाच्या वजनाचे आकडे पुसट असले तर तिथल्या तिथे रंगवून द्यायला. आमच्या पुढच्या ट्रकचं हॉर्न नागिणीसारखं वाजत होतं, आणि त्याचा मालक ते काढून साधं बसवण्याच्या घाईत होता.

इन्स्पेक्टर मॅडम वयाने माझ्याहून लहान असतील. पायात बूट, हातात टॉर्च, आणि बोलणं मोजकं. आधी कागद. विम्याची तारीख, कराची पावती, पीयूसी. पीयूसीच्या तारखेवर त्यांचं बोट थांबलं आणि पुढे गेलं.

मग गाडी. हेडलाइट वर-खाली, इंडिकेटर, ब्रेकलाइट, नंबरप्लेटवरचा छोटा दिवा. रिव्हर्स टाकल्यावर वाजणारा बझर. वायपर, आरसे, काचेला तडा आहे का. टायरची नक्षी झिजली आहे का, हे त्या वाकून एकेका चाकाशी बघत होत्या. अंगावरची चमकती पट्टी पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल आहे का, कुठे सुटली आहे का. प्रथमोपचाराची पेटी मी उघडून दाखवली तर त्यांनी आतल्या मलमाचीसुद्धा तारीख वाचली. मग स्टिअरिंग हलवून त्यात किती ढिलाई आहे ते बघितलं, इंजिनाखाली तेल टपकतंय का ते बघितलं, आणि मला पटांगणाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन त्यांच्या इशाऱ्यावर कचकन ब्रेक मारायला लावला. टेम्पो सरळ रेषेत थांबला, तसूभर डावीउजवीकडे न ओढता. अण्णा रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, “माझा टेम्पो आहे.”

मॅडम टॉर्च घेऊन उजव्या बाजूला, पुढच्या चाकामागे वाकल्या. बराच वेळ वाकलेल्या राहिल्या. मग उठल्या आणि म्हणाल्या की नंबर नाही.

मी वाकले. उजव्या पट्टीवर जिथे नंबर असायला हवा तिथे सुंदर, गुळगुळीत, काळा रंग होता. दोन हात दिलेले. नंबराचं नामोनिशाण नव्हतं.

मॅडमनी टॉर्च बंद केली. त्यांचा आवाज आधीसारखाच होता, फक्त आता तो मला जास्त ऐकू येत होता.

“रंग कुणी मारला?”

अण्णांकडे मी बघितलं नाही, तरी ते दिसले. इस्त्रीचा शर्ट, हात दोन्ही बाजूंना सोडलेले, आणि चेहऱ्यावर शाळेत उभं केलेल्या मुलासारखं काहीतरी. भोवती चार ट्रकवाले गोळा झाले होते. त्यातल्या दोघांना अण्णांनी ग्रीस लावायला शिकवलं असणार.

“मी,” मी म्हटलं.

मॅडमनी मला मग चांगलंच सुनावलं. नंबर झाकणं म्हणजे काय समजता, चोरीच्या गाड्यांचे नंबर असेच झाकतात, गाडी चालवणाऱ्या बाईला एवढं कळू नये का. मी मान खाली घालून ऐकलं. एरवी मला कुणी एवढं बोललं तर मी दोनाला चार ऐकवते, हे घरी कुणालाही विचारा. मग त्या म्हणाल्या की बाकी गाडी चांगली आहे, म्हणून एक संधी देते. पाचपर्यंत मी मैदानावर आहे. तोवर नंबर स्वच्छ वाचता आला पाहिजे. पण पॉलिश पेपर नाही, तारेचा ब्रश नाही, पटाशी तर नाहीच. आकड्यावर एक जरी ताजा ओरखडा दिसला तर नंबराशी छेडछाड म्हणून रिपोर्ट जाईल, आणि गाडी इथेच अडकून राहील.

मी टेम्पो कडेला सावलीत घेतला आणि पेंटरकडे गेले. त्याने सगळं बघितलं होतं. बाटलीभर थिनर आणि चिंध्या दिल्या, आणि सांगितलं की कालचाच रंग आहे, सुटेल, फक्त घासू नका, भिजवा आणि टिपा, भिजवा आणि टिपा.

गोणपाट अंथरून मी टेम्पोखाली शिरले. थिनरच्या वासाने डोळ्यांत पाणी आलं, ते एका अर्थी बरं झालं. चिंधी भिजवायची, दाबून धरायची, टिपायची. काळं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. कालचा रंग निघाला, तर खाली गेल्या साली मारलेल्या रंगाच्या कडा. मी मनातल्या मनात अण्णांशी भांडत होते. ग्रीस लावलंय म्हणे. कुठे लावलंय मग? आणि तेव्हा टॉर्च फिरवताना ते मला दिसलं. डाव्या पट्टीवर, अगदी समोरच्या जागी, तळहाताएवढा चौकोनी कागद, रेषेत चिकटवलेला, खाली नीट ग्रीस. मी हात लांबवून तो सोलला. खाली कोरं लोखंड. एक अक्षर नाही.

तेवढ्यात पलीकडून खुरडण्याचा आवाज आला. अण्णा इस्त्रीच्या शर्टासकट टेम्पोखाली शिरत होते. गुडघे कुरकुरले, चष्मा सायलेन्सरला आपटला, पण आले. आता आम्ही दोघं समोरासमोर आडवे, मधे तो कागद.

त्यांनी कागदाकडे बघितलं. मग उजवीकडच्या काळ्या चिखलाकडे. मग डावीकडच्या कोऱ्या लोखंडावरून बोट फिरवलं.

“त्याचा डावीकडे होता,” अण्णा म्हणाले.

“कुणाचा?”

“पहिल्याचा.”

मला आधी हसू फुटलं. आवरलं नाही, पोट टेम्पोच्या शाफ्टला लागेल एवढं हसले. अण्णा वीस वर्षं ज्या टेम्पोखाली वाकले त्याच्या नंबराला त्यांच्या हाताने आपण होऊन ग्रीस लावलं होतं, आणि तो टेम्पो भंगारात जाऊन नऊ वर्षं झाली होती. अण्णाही हसायला लागले. मग ते थांबले, आणि म्हणाले की डोळ्याला दिसत नव्हतं म्हणून हातावर सोडलं होतं, हाताला वाटलं आपण त्याच्याच खाली आहोत. हे ते सहज बोलल्यासारखं बोलले. माझं हसू थांबलं आणि मला त्यांची फार माया आली. त्या वेळी दोन्ही हातांत थिनरच्या चिंध्या होत्या, नाहीतर मी काय केलं असतं कोण जाणे.

“‘मी मारला’ असं का म्हणालीस?” त्यांनी विचारलं.

“चिंधी भिजवा,” मी म्हटलं. “पाच वाजतील.”

मग ते भिजवून देत, मी दाबून धरत असे. हळूहळू एक उभी रेघ दिसली, मग एक गोल. अण्णांना दिसत नव्हतं, म्हणून ते बोटाच्या टोकाने चाचपून आकडा सांगत, आणि मी टॉर्च धरून तो बरोबर आहे का ते बघत असे. एका आकड्याच्या पोटात जुना रंग घट्ट बसला होता. तो घासून काढायला माझे हात शिवशिवत होते, पण अण्णांनी मनगट धरलं आणि कापूस मागितला. पेटीतला प्रथमोपचाराचा कापूस काढला, काडीला गुंडाळला, थिनरमध्ये बुडवला, आणि जखम पुसावी तसा त्यांनी तो आकडा पुसला. शेवटचा आकडा निघाला तेव्हा सावली टेम्पोवरून पलीकडच्या बसवर गेली होती.

मॅडम आल्या, वाकल्या, टॉर्च तिरकी धरून एकेक आकडा बघितला. ओरखडा शोधत होत्या. मग कागद ठेवून पेन्सिल फिरवली. काळ्या रेघोट्यांतून पांढरा नंबर कागदावर उमटत गेला, आणि त्यांनी तो टेम्पोच्या कागदांशी जुळवून बघितला. दोनदा बघितला. मग सही केली.

मी तिथेच चाकाला टेकून खाली बसले. पेंटरने लांबून विचारलं की झालं का. मी मान डोलावली.

खिडकीवर कागद घ्यायला अण्णा माझ्यासोबत आले. त्यांच्या शर्टाची छाती काळी झाली होती. आतल्या क्लार्कने मान वर न करता विचारलं, गाडी कुणाची? टेम्पोच्या कागदावर मालक म्हणून अण्णांचं नाव आहे. मी बाजूला सरकले.

“माझ्या नावावर आहे,” अण्णा म्हणाले. थोडं थांबले. “टेम्पो हिचा आहे. आणि ते रंगाचं तुमच्या मॅडमना सांगा, तो मी मारला होता. ही खोटं बोलली.”

क्लार्कला या माहितीचं काहीच करायचं नव्हतं. त्याने फक्त नाव विचारलं होतं. तो सही कुठे करायची ते दाखवत राहिला, आणि अण्णांनी डोळे बारीक करून नेमक्या जागी सही केली. पुढच्या वर्षीच्या वीस तारखेपर्यंतचा फिटनेस माझ्या हातात आला. मी तारीख वाचली, नंबर वाचला, पुन्हा तारीख वाचली. मग पीयूसीच्या पुढे तो ठेवला. लाँड्रीवाल्या मॅडमच्या टेबलासाठी दोन्ही तयार होते.

मैदानाबाहेर मित्र स्कूटर सुरू करून उभा होता. अण्णांनी त्याला हात केला, पण जा म्हणून. मग ते टेम्पोच्या डाव्या बाजूला गेले, दार उघडलं, पायरीवर पाय ठेवला आणि आत बसले. मी इंजिन सुरू केलं. बाहेर बघितल्यासारखं केलं, कारण त्या वेळी त्यांच्याकडे बघणं मला जमलं नसतं.

टेम्पो हलेना म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बेल्ट.

अण्णांनी ड्रायव्हरच्या सवयीने उजव्या खांद्यावरून हात मागे नेला, तिथे काही नव्हतं. डावीकडे मांडीजवळ चाचपलं, सीटच्या खाली चाचपलं. मग थकून मला विचारलं,

“या बाजूचा कुठून ओढतात गं?”